तळातली गाळणी

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या डिशवॉशरमधून काचेचे पेले निघाले, ते हाताला खरखरीत लागत होते. वरच्या कप्प्यातले सगळेच. मी पावडर वाढवली, मग मीठ भरलं, तरी खरखर तशीच. शेवटी सासूबाईंनी एका पेल्याच्या तळाशी चिकटलेला काळा ठिपका नखाने काढून दाखवला. "अगं, ही तर मोहरी आहे!"

मोहरी वर गेली कशी? मशीन प्रत्येक भांड्यावर नवं पाणी सोडत नाही. एका टप्प्यात तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. ते फवाऱ्यातून भांड्यांवर पडतं, तळातल्या गाळणीतून खाली जातं आणि पंप ते परत वर फेकतो. म्हणजे गाळणी जे अडवणार नाही, ते पेल्यांवर येणार. आणि गाळणी तुंबली, की पंपाला पुरेसं पाणी मिळत नाही आणि फवारा मंदावतो.

खालचा कप्पा बाहेर काढला. तळाच्या मधोमध एक गोल नळकांडं दिसलं. ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवलं, की सुटून वर येतं. त्याच्या जाड जाळीत कढीपत्त्याची पानं, चहाचा चोथा आणि लिंबाच्या दोन बिया होत्या. ते सगळं सहज झटकलं गेलं. खरी मेहनत खालच्या बारीक जाळीची होती. तिच्यावर तेल, हळद आणि खोबऱ्याचा कीस मिळून पिवळट, बुळबुळीत थर बसला होता. उजेडासमोर धरली, तर पलीकडचं काही दिसेना.

ही जाळी तारेच्या घासणीने घासायची नाही, तिची भोकं फाकतात. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवली, तूप-तेल सैल झालं, मग जुन्या मऊ टूथब्रशने आतून बाहेर घासली. भांडी घासायचा साबण लावलाच, तर तो पूर्ण धुवून टाकावा, नाहीतर पुढच्या धुण्यात मशीनमध्ये फेस होतो. गाळणीखालच्या खड्ड्यात बोटं घालू नयेत, तिथे फुटक्या काचेचा तुकडा असू शकतो. मी मशीन बंद करून, तिथलं पाणी स्पंजने टिपून मग चमच्याने गाळ काढला.

प्लॅस्टिकवरचा हळदीचा पिवळेपणा मात्र राहिला. तो मळ नाही, डाग आहे. त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

परत बसवताना नळकांडं अडेपर्यंत फिरवून घट्ट बसवायचं. सैल राहिलं, तर खरकटं बाजूने घसरून थेट पंपाकडे जातं.

आता आम्ही ताटं मशीनमध्ये ठेवण्याआधी खरकटं केराच्या डब्यात पुसून टाकतो आणि दर रविवारी जाळी उजेडासमोर धरतो. पलीकडची खिडकी दिसली, तर नुसती नळाखाली धरायची. नाही दिसली, तर टूथब्रश काढायचा.