व्यवहारातील शब्द : ‘जरासा’ फरक

आपल्या पेढीवर कोणी ‘बघतो’ म्हणाले, की तो नकार असतो, हे दुकानातील नव्या मुलालाही आठवडाभरात उमगते. ‘वा, अगदी वेळेवर आलात’ हे वाक्य उशिरा आलेल्यालाच ऐकवले जाते. हा अर्थ शब्दांत नसतो. तो आवाजात, चेहऱ्यात आणि परस्परांच्या जुन्या ओळखीत असतो. परदेशी सहकाऱ्यास पाठविलेल्या ई-मेलमध्ये यातले काहीच जात नाही, जातात ते केवळ शब्द.

लिहिणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही, कारण मजकूर लिहिताना त्याच्या कानात स्वतःचाच सूर वाजत असतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेले याविषयीचे प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाले. काही विधाने सरळ, काही उपरोधिक होती आणि ती समोरच्याने ओळखायची होती. आपला सूर शंभरांत सुमारे ७८ वेळा ओळखला जाईल, असा पाठविणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून सांगितले तेव्हा तो ७३ वेळा ओळखला गेला; ई-मेलमधून मात्र ५६ वेळाच. नाणे उडवूनही पन्नास वेळा बरोबर आले असते! आणि तेथे उभय पक्ष एकाच देशातले होते, हे विसरता कामा नये.

उपरोधापेक्षा सौम्योक्ती अधिक घातक, असे मला वाटते. उपरोध निदान खटकतो, म्हणून वाचणारा दुसऱ्यांदा वाचतो. सौम्योक्ती खरी वाटते आणि तशीच पुढे जाते. एप्रिल १९५१ मधील कोरियातील इमजिन नदीच्या लढाईची हकीकत यासाठी नेहमी सांगितली जाते. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी आपले अमेरिकन वरिष्ठ जनरल सूल यांना कळविले, की परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’, म्हणजे जराशी अडचणीची आहे. इंग्रजी रिवाजात याचा अर्थ ‘आम्ही भयंकर संकटात आहोत’ असा होता. अमेरिकन कानांना मात्र ‘थोडी अडचण आहे, पण निभावते आहे’ असे ऐकू आले. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची तुकडी वेढली गेली आणि तिचे बहुसंख्य सैनिक शत्रूच्या कैदेत गेले. दोघांची मातृभाषा इंग्रजीच होती.

आता व्यापारातील प्रसंग पाहू. समजा, सोलापुरातून हॅम्बुर्गला टॉवेलची ४०० खोकी जावयाची आहेत. त्यांपैकी ६० खोक्यांतील माल निराळ्या रंगघाणीचा असून नमुन्याशी जुळत नाही. आपला माणूस लिहितो : ‘काही मालाच्या रंगात जरासा फरक वाटतो. आमच्या रंगाऱ्याने कमालच केली! तरी आपण सांभाळून घ्याल, ही आशा.’ जर्मन खरेदीदार ‘जरासा’ म्हणजे जरासाच समजतो. ‘कमाल केली’ ही त्याला प्रशंसा वाटते, आणि अखेरच्या वाक्यात त्याने नेमके काय करावयाचे, हे त्याला कळत नाही. तो ‘आभारी आहे’ एवढेच उत्तर धाडतो. ही संमती आहे, असे मानून येथून माल रवाना होतो. तिकडे खोकी उघडल्यावर भांडण उभे राहते, आणि आपण आधी कळविले होते, हे दाखवावयास गेल्यास तेच पत्र आपल्याविरुद्ध पुरावा ठरते.

तेच पत्र असे लिहिता आले असते : ‘४०० पैकी ६० खोक्यांचा रंग मान्य नमुन्याशी जुळत नाही. छायाचित्र सोबत आहे. नवा माल तयार होण्यास १८ दिवस लागतील. ३४० खोकी १४ तारखेच्या जहाजाने पाठवून उरलेली नंतर पाठवावी, की सर्व माल एकत्र थांबवावा? ९ तारखेपर्यंत कळवावे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ येथे सौजन्य आहेच. फक्त ते अखेरीस, स्वतंत्र वाक्यात आहे. आकड्यांभोवती त्याचे वेष्टन नाही. ‘जरासा’, ‘शक्यतो’, ‘बहुधा’ हे शब्द खरोखर अनिश्चितता असेल तेथेच ठेवावेत. नकारही ‘थोडे कठीण दिसते’ असा न देता ‘या दराने जमणार नाही, अमुक दराने जमेल’ असा द्यावा.

पत्र पाठविण्यापूर्वी ते व्यवहार ठाऊक नसलेल्या एखाद्याला वाचावयास द्यावे आणि ‘आता तू काय करशील?’ एवढेच विचारावे. तो अडखळला तर हॅम्बुर्गचा माणूसही अडखळेल. आणखी एक गोष्ट : ई-मेल पुढे धाडली जाते. आपला विनोद ज्या स्नेह्यासाठी होता त्याला तो समजेलही, परंतु त्याच्या हिशेबनिसाला आणि वकिलाला आपण ठाऊक नसतो.

थट्टा सर्वस्वी वर्ज्य करावी, असे नाही. फोनवर, प्रत्यक्ष भेटीत ती जरूर करावी. तेथे समोरचा हसला की नाही, हे लगेच कळते. चुकून गेलीच, तर स्पष्टीकरणाचा लांब पसारा न मांडता त्याच दिवशी दुसरे पत्र धाडावे : ‘सकाळच्या पत्रातील रंगाऱ्याविषयीचे वाक्य थट्टेचे होते. ६० खोकी सदोष आहेत. आपला निर्णय हवा आहे.’