कात्री कुठे लावावी?

वार्षिकांकातील छायाचित्रांना कात्री लागते, याबद्दल माझी तक्रार नाही. पानाचे माप ठरलेले असते आणि छायाचित्र त्यात बसवावेच लागते. माझे म्हणणे एवढेच की, माणूस कापायचा झाला तर तो सांध्यावर कापू नये. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अंक घरी गेला की आई-दादा लेख वाचत नाहीत, छायाचित्रे पाहतात. तिथे पोराचा हात मनगटाशी संपलेला दिसला तर त्यांच्या मनात चर्र होते.

असे का होते? मनगट आणि घोटा या निमुळत्या जागा आहेत. चौकटीची कड नेमकी तिथे आली की अवयव तिथेच संपला, असा डोळ्यांना भास होतो. गुडघ्यावर कापले तर माणूस खुंटावर उभा असल्यासारखा वाटतो. याउलट मांडीच्या किंवा पोटरीच्या मध्यावर कड आली, तर अवयवाच्या रेषा चौकटीबाहेर धावताना दिसतात आणि उरलेला भाग मन आपोआप पुरा करते.

पण एक अवयव सांभाळताना दुसरा सापडतो, ही खरी अडचण आहे. समजा, वक्तृत्व स्पर्धेतील विजेता हात खाली सोडून सरळ उभा आहे आणि छायाचित्रात त्याची उंची १६ सेंटिमीटर आहे. तळपायापासून मोजले तर गुडघा साधारण साडेचार सेंटिमीटरवर येतो, बोटांची टोके सहावर, मनगट पावणेआठच्या आसपास आणि कोपर दहावर. मांडीचा मध्य म्हणून साडेसहावर कापले, तर पाय बचावतो, पण बोटे तुटतात. म्हणून कात्री साडेपाचवर लावावी. तिथे गुडघा खाली राहतो आणि पंजा पुरा दिसतो. जागा याहूनही कमी असेल, तर थेट नऊवर, म्हणजे कमरेच्या किंचित खाली यावे. तिथे मनगट आणि कोपर यांच्या मधला भाग कापला जातो व तो खटकत नाही.

ही मापे सरळ उभ्या माणसाची आहेत. हात छातीवर बांधलेले असतील, तर बोटांची चिंता उरत नाही. पायघोळ साडीत गुडघा दिसतच नाही, पण घोट्याशी कापले तर पावले गेलेली लगेच कळतात. नृत्याच्या छायाचित्रात तर पाय कापूच नयेत. तिथे छायाचित्र लहान छापावे, पण पुरे छापावे.

संपादक मंडळाला माझी एक सूचना आहे. पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे छायाचित्रावर ठेवावेत, ते सरकवून चारही कडांवर कोणता सांधा येतो ते पाहावे आणि मगच खूण करावी. ‘जागा नव्हती’ हे उत्तर मला पटत नाही. बहुतेक वेळा कात्री एक सेंटिमीटर वर किंवा खाली घेतली तरी काम भागते.