पुड्याचा फोटो आणि साखरेचा हिशेब

आमच्यासारख्या घरांत कॉलेजात गेलेला पहिला मुलगा हाच साऱ्यांचा वाचक असतो. मधुमेह असलेले काका काटोलहून ज्वारीच्या बिस्किटांच्या पुड्याचा फोटो मोबाईलवर पाठवतात नि विचारतात, "बाबू, हे खाऊ का?" कायद्याने वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरे; मराठीची सक्ती नाही. माझे मत असे की, केवळ घटकांची यादी पाहून कोणीही 'हो' म्हणू नये.

यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. त्यातून क्रम कळतो, प्रमाण नाही. समजा, ज्वारीचे पीठ, तेल, साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन असा क्रम आहे. साखर तिसरी दिसली, तरी तिची भावंडे मागेच उभी आहेत. म्हणून पोषणमूल्यांच्या तक्त्याचा दुसरा फोटो मागवावा. नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅमपर्यंत साखर असेल, तरच घन पदार्थाला 'कमी साखरेचा' म्हणता येते. तक्त्यात १८ ग्रॅम असेल, तर ४० ग्रॅमच्या छोट्या पुड्यातही ७.२ ग्रॅम साखर पोटात जाते. माल्टोडेक्स्ट्रिन हे साखरेच्या रकान्यात धरले जात नाही, पण रक्तातील साखर वाढवते. तेव्हा एकूण कर्बोदकांचा आकडाही पाहावा.

घडीत किंवा चकाकीत एखादी ओळ हरवली असेल, तर अंदाज बांधू नये. पुडा सपाट करून पुन्हा फोटो काढायला सांगावे. आपल्या एका शब्दावर तो पुडा फुटणार असतो.