दरवर्षी एक हरकत, आणि बारा वर्षांच्या आत दावा

जमीन गावाला आणि नोकरी मुंबई-पुण्याला, अशा सगळ्यांसाठी लिहितोय. शेजाऱ्याने बांध सरकवला की आपण म्हणतो, "भावकीत कागद कशाला? सातबारा आपल्याच नावावर आहे ना!" अहो, सातबाऱ्यावर नाव असूनही जमीन जाते.

१९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार खासगी जमिनीवर कुणी उघडपणे, अखंड आणि मालकाचा हक्क झुगारून १२ वर्षं ताबा ठेवला, तर मालकाचा हक्कच संपतो. अशा कब्जेदाराला स्वतः दावाही लावता येतो, हे २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय.

म्हणून तोंडी भांडण नको, लेखी हरकत घ्या. गट नंबर, किती गुंठे, कुठल्या बाजूने आणि "हा ताबा मला मान्य नाही, जागा खाली करा" एवढं पुरे. पत्र पोच मिळेल अशा पोस्टाने पाठवा. "घेण्यास नकार" शेरा मारून परत आलं तर पाकीट फोडू नका, तसंच जपा.

किती वेळा? पहिली हरकत कळताक्षणी. कारण बेकायदा हुसकावल्यापासून सहा महिन्यांत दावा केला, तर मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो. त्यानंतर वर्षातून एकदा, आणि मधे भिंत उभी राहिली, मीटर लागला, जागा विकायची बोलणी सुरू झाली की लगेच. नाहीतर उद्या तो म्हणणार, "मी बांधत होतो तेव्हा हे बघत बसले होते."

आता जे बरेच जण विसरतात ते. नुसत्या नोटिशीने १२ वर्षांचं घड्याळ थांबत नाही! समजा जून २०१५ मध्ये कुंपण सरकलं आणि तुम्ही दरवर्षी पत्र पाठवलंत. तरी जून २०२७ पूर्वी कोर्टात दावा हवाच. पण २०२० मध्ये त्याने सहीनिशी उत्तर दिलं, "जागा तुमचीच, मोजणी होईपर्यंत वापरतो," तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. पत्राची खरी कमाई हीच. त्याला उत्तर द्यायला लावा.

आणि रागाच्या भरात "तुम्ही १९९८ पासून बळकावलंय" असलं काही लिहू नका. तेच पत्र तो तुमच्याविरुद्ध कोर्टात दाखवेल. तारीख पक्की असेल तरच लिहा, आणि पहिलं पत्र वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या.

नातं बिघडेल म्हणून गप्प बसणाऱ्यांना एकच विचारतो: बांध सरकवणाऱ्याने नात्याचा विचार केला होता का?