वकिलाला आणि शरीराला

गेल्या वर्षी स्टाफरूममध्ये एका सहकारी शिक्षकांनी नववीतल्या मुलीचा निबंध माझ्यासमोर ठेवला. गरीब, वकील, जमीन, तारीख या शब्दांना त्यांनी लाल गोल केले होते. "मॅडम, हे तुमच्याकडचे शब्द. मराठीच्या पेपरात शुद्ध मराठी हवी," ते हसत म्हणाले. मुलगी मुसलमान नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. हे शब्द फारसी-अरबी वाटेने आले, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण शब्द कुठून आला आणि तो भाषेत कसा वागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच निबंधात होतं.

मुलीने 'वकीलाला' लिहिलं होतं. ती चूक मात्र त्यांना दिसली नाही. बरोबर रूप 'वकिलाला' आहे. शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरात दीर्घ ई किंवा ऊ असेल, तर विभक्तीचा प्रत्यय लागताना तो ऱ्हस्व होतो. म्हणून गरीब–गरिबाला, जमीन–जमिनीला. आता आपल्या घरातले शब्द घ्या: बहीण–बहिणीला, सून–सुनेला. हे शब्द संस्कृतातून आले, पण बोलता बोलता झिजून मराठी झाले. त्यांना आपण तद्भव म्हणतो.

आता 'शरीर' घ्या. आपण 'शरिराला' लिहीत नाही, 'शरीराला' लिहितो. गीत–गीताला, परीक्षा–परीक्षेला. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले, म्हणजे तत्सम शब्द या नियमाला अपवाद आहेत. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांतही हा अपवाद आहे.

'तारीख'चं पाहा. तिथे पहिलं अक्षर दीर्घ असल्यामुळे मधला ई चक्क अ होतो: तारखेला. अगदी काळीज–काळजाला, लाकूड–लाकडाला यांच्यासारखं. म्हणजे मराठीचं व्याकरण वकील आणि तारीख यांना बहीण आणि काळीज यांच्या पंगतीला बसवतं. पाहुण्यासारखी वेगळी सोय ठेवावी लागते ती 'शरीर' आणि 'गीत' यांची.

फरक नाहीतच असं नाही. शब्द घडवण्याची अवजारं वेगळी आहेत. संस्कृत शब्दांना अ-, निर्-, सु- लागतात; फारसी-अरबी शब्दांना बे-, गैर-, ना-, -दार लागतात: बेजबाबदार, गैरहजर, नाराज. पण मराठीने ही अवजारंही अदलाबदल करून वापरली. 'भान' संस्कृत, त्याला फारसी 'बे' लागून बेभान झालं. 'पाणी' तद्भव, त्याला 'दार' लागून पाणीदार झालं. 'जिल्हा' अरबी, त्याची 'अधिकारी'शी संस्कृत पद्धतीने संधी होऊन जिल्हाधिकारी झालं.

आता आपल्या लोकांसाठी दोन शब्द. आपल्यातही एक गैरसमज असतो की हे शब्द उर्दूचेच, मराठीने ते बिघडवले. माझ्या वर्गात उर्दू घरातली मुलं इथेच अडखळतात.

उर्दूत 'उसने राज़ीनामे पर दस्तख़त किए' म्हणजे त्याने तडजोडीच्या कागदावर सही केली. मराठीत राजीनाम्यावर सही केली म्हणजे नोकरी सोडली! उर्दूत त्याला 'इस्तीफ़ा' म्हणतात. 'दोनों भाइयों में तकरार हुई' म्हणजे भावाभावांत वाद झाला; मराठीत तक्रार केली म्हणजे गाऱ्हाणं मांडलं. मूळ अरबीत हा शब्द 'पुन्हा पुन्हा करणे' या अर्थाचा. आणि 'हरकत' म्हणजे मुळात हालचाल. उर्दूत 'यह क्या हरकत है' म्हणजे हे काय वागणं. मराठी माणूस 'माझी हरकत नाही' म्हणतो, तेव्हा उर्दूत त्याचं भाषांतर 'मुझे कोई एतराज़ नहीं' असं करावं लागतं.

म्हणजे उच्चार आणि व्याकरणच नाही, अर्थसुद्धा मराठीचा झाला. या शब्दांवर 'तुमचे' म्हणून लाल गोल करणं जितकं चूक, तितकंच 'आमचे' म्हणून मिरवणंही चूक.

सहकाऱ्यांना मी एवढंच म्हटलं, "सर, चारही गोल पुसा आणि 'वकीलाला'चा अर्धा गुण कापा." त्यांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिलं, मग विचारलं, "आणि गरीबचा मूळ अर्थ काय हो?"

अरबीत 'गरीब' म्हणजे परका, परमुलखातला माणूस. आपल्याकडे येऊन तो 'गरिबाला' झाला, आणि परका राहिला नाही.