रजेसाठी पुरावा किती मागायचा?

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट आधी सांगते. ती एका खासगी कंपनीत नोकरी करते. तिला अकरावा आठवडा चालू होता. शुक्रवारी, २७ फेब्रुवारीला, सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले नाहीत. डॉक्टरांनी दोन-तीन दिवस वाट पाहिली आणि मंगळवारी, ३ मार्चला, दवाखान्यात दाखल करून पिशवी साफ केली. दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि मोबाइलवरून कंपनीच्या पोर्टलवर रजेचा अर्ज भरला.

उत्तर आलं ते असं: सोनोग्राफीचा रिपोर्ट जोडा, डिस्चार्ज कार्ड जोडा, बिलं जोडा, नवऱ्याच्या सहीचं पत्र जोडा आणि गर्भपात आपोआप झाला की करवून घेतला ते लिहा. तोपर्यंत शिल्लक आजारपणाच्या रजेतून दिवस कापले जातील आणि त्यापुढचे दिवस बिनपगारी धरले जातील.

तिने सगळी कागदपत्रं पाठवली. त्या अवस्थेत कोण वाद घालणार? पण यातलं बहुतेक काही मागण्याचा अधिकार कंपनीला नव्हता. तो का नव्हता, हे नीट समजून घेऊ.

मूळ तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ९ मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तीच तरतूद आता संहितेच्या कलम ६५ मध्ये आहे. गर्भपात झाला किंवा वैद्यकीय गर्भसमापन केलं, तर त्या दिवसानंतर लगेच सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. ही रजा स्वतंत्र आहे. ती आजारपणाच्या किंवा हक्काच्या रजेतून कापता येत नाही. कंपनीच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नसला, तरी ती मिळतेच.

पुराव्याबद्दल कलमात मोजकेच शब्द आहेत: विहित केलेला पुरावा सादर केल्यावर. विहित म्हणजे सरकारने नियम करून ठरवलेला. मालकाला किंवा मनुष्यबळ विभागाला जो पुरेसा वाटेल तो पुरावा, असं कायदा म्हणत नाही. जुन्या कायद्याखालच्या नियमांत यासाठी नोंदणीकृत डॉक्टरच्या प्रमाणपत्राची सोय आहे. कोणत्या बाईच्या बाबतीत, कोणत्या तारखेला ही घटना झाली, एवढं डॉक्टर सही-शिक्क्यानिशी लिहून देतात. सोनोग्राफीचा फोटो, रक्ताचे रिपोर्ट, बिलं यांचा त्यात संबंध येत नाही. नवऱ्याच्या सहीचा तर मुळीच नाही. गर्भसमापनासाठीसुद्धा कायदा सज्ञान बाईची एकटीचीच संमती मागतो. मग रजेसाठी दुसऱ्याची सही कुठून आली?

आता तो सगळ्यात बोचरा प्रश्न घेऊ: आपोआप झाला की करवून घेतला? कलम ६५ मध्ये दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींना तेवढीच रजा, तेवढाच पगार आहे. उत्तर काहीही आलं तरी रजेत एका दिवसाचाही फरक पडत नाही. ज्या माहितीने निर्णय बदलत नाही ती माहिती मागायचीच कशाला? फॉर्ममध्ये हा रकाना असेल, तर त्याचा उपयोग फक्त कुजबुजीला होतो.

गर्भसमापनाच्या बाबतीत कायदा याहून पुढे जातो, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भसमापन कायद्यात कलम ५-अ आलं. त्यानुसार, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही बाईचं नाव किंवा तपशील सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. २००३ च्या विनियमांप्रमाणे दवाखान्यात प्रवेश नोंदवही कुलपात ठेवायची असते. शस्त्रक्रियागृहाच्या वहीत, केसपेपरवर बाईचं नाव लिहायचं नसतं, फक्त अनुक्रमांक लिहायचा असतो. आणि त्याच विनियमांत रजेचाही विचार केलेला आहे: नोकरी करणाऱ्या बाईने अर्ज केला, तर मालकाकडून रजा मिळावी म्हणून डॉक्टर प्रमाणपत्र देऊ शकतात, आणि मालकाने ही माहिती दुसऱ्या कोणालाही सांगायची नाही.

म्हणजे गुप्तता पाळण्याची जबाबदारी डॉक्टरवर आहे तशी मालकावरही आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काही वर्षं मी कंपन्यांसाठी रजेची प्रणाली बनवणाऱ्या टीममध्ये होते, त्यामुळे ही जबाबदारी कुठे मोडते ते मी पाहिलं आहे. बहुतेक वेळा कोणी मुद्दाम बोभाटा करत नाही. रजेच्या यादीत ‘गर्भपात रजा’ असा वेगळा पर्याय ठेवलेला असतो. बाई तो निवडते. अर्ज आधी टीम लीडकडे जातो, मग मॅनेजरकडे, मग मनुष्यबळ विभागाकडे. प्रत्येकाला ईमेल जातो आणि त्याला प्रमाणपत्र जोडलेलं असतं. अर्ज मंजूर झाला की टीमच्या सामायिक कॅलेंडरवर तिच्या नावापुढे रजेचा प्रकार आपोआप छापला जातो. दवाखान्याने स्वतःच्या वहीत जे नाव लिहिलं नाही, ते ऑफिसात पंधरा जणांच्या पडद्यावर येतं.

दुरुस्ती अवघड नाही. मॅनेजरला फक्त तारखा दिसाव्यात आणि प्रकार नुसता ‘वैद्यकीय रजा’ असावा. प्रमाणपत्र एका नेमून दिलेल्या अधिकाऱ्यालाच उघडता यावं आणि ते ईमेलला कधीच जोडलं जाऊ नये. माझ्या अनुभवात हे काम दोन-तीन दिवसांचं आहे. छोट्या ऑफिसात प्रणाली नसेल, तर बंद पाकीट आणि एक कुलूपबंद कप्पाही पुरतो.

‘मग कोणीही खोटं प्रमाणपत्र आणेल,’ असं मालक म्हणतात. शंका रास्त आहे आणि तिला उत्तरही आहे. प्रमाणपत्रावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असतो. तो खरा आहे का हे वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत पडताळता येतं, आणि त्यासाठी बाईला एकही जादा प्रश्न विचारावा लागत नाही. दवाखान्यात फोन करून ‘नक्की काय झालं होतं’ असं विचारणं मात्र चूक आहे. गर्भसमापन असेल तर त्या फोनला उत्तर देणारा डॉक्टर स्वतःच गुन्ह्यात सापडू शकतो.

आता तारखांकडे येऊ, कारण हातचे दिवस तिथेच जातात. मैत्रिणीने कायद्याचं कलम दाखवल्यावर कंपनीने सहा आठवडे मान्य केले, पण मोजले २७ फेब्रुवारीपासून. ठोके थांबल्याचं त्या दिवशी कळलं, हे त्यांचं कारण. या हिशेबाने रजा १० एप्रिलला संपत होती. पण कायद्यातली गर्भपाताची व्याख्या गर्भाशयातला गर्भ बाहेर पडण्याची आहे. ते ३ मार्चला झालं. रजा त्या दिवसानंतर सुरू होते, म्हणून पहिला दिवस ४ मार्च आणि बेचाळिसावा दिवस १४ एप्रिल. कामावर हजर व्हायचं ते १५ एप्रिलला. म्हणून प्रमाणपत्रावर सोनोग्राफीची तारीख न येता गर्भ बाहेर पडल्याची किंवा पिशवी साफ केल्याची तारीख आली आहे ना, हे दवाखान्यातून निघतानाच पाहून घ्यावं. आधीच्या तीन-चार दिवसांसाठी वेगळी सोय आहे. गर्भारपणातून किंवा गर्भपातातून आलेल्या आजारासाठी याच कलमाखाली जास्तीत जास्त एक महिना आणखी पगारी रजा मिळू शकते. रक्तस्राव थांबला नाही, जंतुसंसर्ग झाला, तर सहा आठवड्यांनंतरही ती घेता येते. त्यासाठी आजाराचा वेगळा पुरावा द्यावा लागतो.

सहा आठवडे म्हणजे सलग बेचाळीस दिवस. रविवार वगळून पगार देण्याची युक्ती जुनी आहे. एका मळ्यातल्या कामगार बाईच्या बाळंतपणाच्या लाभावरून, बी. शाह खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलं की आठवडा म्हणजे सात दिवस आणि रविवारचाही पैसा द्यायचा. शिवणकामाच्या युनिटमध्ये किंवा पॅकिंगला रोजाने जाणाऱ्या आपल्या भगिनींसाठी हे सहा रविवार म्हणजे जवळजवळ आठवड्याची कमाई आहे.

एक मर्यादा आठवड्यांची आहे. गर्भपाताची व्याख्या सव्विसाव्या आठवड्यापर्यंतच लागू होते. त्यानंतर मूल मृत जन्मलं, तर कायद्याच्या दृष्टीने ते बाळंतपण आहे, आणि सहा आठवड्यांऐवजी बाळंतपणाचा पूर्ण लाभ मिळतो. अशा बाईला सहा आठवड्यांत परत बोलावलं गेलं, तर तो हिशेब चुकीचा आहे.

दुसरी मर्यादा कागदाची आहे. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरीच घेतल्या, तर जिवाला धोका असतोच, शिवाय हातात प्रमाणपत्रही उरत नाही. अधिकृत डॉक्टरकडून गोळ्या घेतल्या, तर दवाखान्यात दाखल न होताही प्रमाणपत्र मिळू शकतं. ‘डिस्चार्ज कार्ड नाही म्हणून रजा नाही’ हे उत्तर म्हणूनच टिकत नाही.

तिसरी मर्यादा सगळ्यात मोठी आहे. दुकानं आणि आस्थापनांना ही तरतूद दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तरच लागू होते. घरी बसून जरीकाम करणारी, चार जणींच्या दुकानात बसणारी बाई यात येत नाही. तिच्यासाठी मागणी लावून धरावी लागेल, आणि ती आपण लावून धरू.

पण ज्यांना हक्क आहे त्यांना तरी तो चौकशीशिवाय मिळावा. मालकाने नकार दिला किंवा पगार कापला, तर संहितेनुसार निरीक्षकाकडे तक्रार करता येते. तक्रार साध्या कागदावर द्यावी, सोबत प्रमाणपत्राची प्रत आणि मालकाचं लेखी उत्तर जोडावं. त्यासाठी रजा तोंडी न मागता लेखी मागावी.

वाचकांपैकी बरेच जण मनुष्यबळ विभागात आहेत, शाळा चालवतात, छोटे कारखाने चालवतात, माझ्यासारखे सॉफ्टवेअर लिहितात. त्यांनी या आठवड्यात आपल्याकडचा रजेचा फॉर्म काढून पाहावा. त्यात डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि तारीख यापलीकडे जे रकाने असतील ते खोडावेत. माझ्या मैत्रिणीचा सोनोग्राफीचा फोटो आजही कंपनीच्या चार जणांच्या मेलबॉक्समध्ये पडून आहे. तो तिथून काढून टाका, असा अर्ज तिने दिला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.