मामांचं मृत्युपत्र आणि माझा नकार

मंगरूळपीरच्या मामांनी मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून माझं नाव घातलं, तेही मला न विचारता. तसं घालता येतं. पण नाव घातलं म्हणून काम गळ्यात पडत नाही. 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा नाही म्हणायची मोकळीक देतो. अवघड होतं ते घरच्यांना सांगणं. मामी, दोन मामेभाऊ आणि मामेबहीण ताई, यांपैकी कुणालाही मृत्युपत्रावर माझा आक्षेप आहे असं वाटायला नको होतं.

तेरवीपर्यंत मी मामांच्या कुठल्याच व्यवहारात हात घातला नाही. धाकटा म्हणाला, "दादा, शेताच्या मक्त्याचे पैसे तरी घेऊन ठेव." मी नाही घेतले. मयताची येणी वसूल केली की काम स्वीकारलं असाच अर्थ निघतो, आणि मग मनात आलं म्हणून ते सोडता येत नाही. घरची तातडीची गरज भागवणं किंवा सामान जपून ठेवणं, याला मात्र कायदा ढवळाढवळ म्हणत नाही.

मग पत्र लिहिलं. चौघांना एकच मजकूर, एकाच दिवशी:

"मामांनी माझ्यावर विश्वास टाकला, याची मला जाण आहे. पण व्यवस्थापकाचं काम मी करणार नाही. पुण्यात राहून तलाठी, बँक आणि कोर्टाच्या फेऱ्या मला जमणार नाहीत. कुणाला काय दिलं, याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. मूळ मृत्युपत्र ताईकडे देत आहे. मिळाल्याची सही तिने खाली करावी."

कच्च्या मजकुरात "सध्या जमणार नाही" असं होतं. तो "सध्या" मी खोडला. तो राहिला असता, तर घरचे माझी वाट पाहत बसले असते.

मामांनी मला पन्नास हजारही ठेवले होते. याच कायद्याचं 141 वं कलम सांगतं, की व्यवस्थापक नेमलेल्याला काही ठेवलं असेल, तर त्याने मृत्युपत्र कोर्टात शाबीत केल्याशिवाय किंवा काम करण्याचा इरादा दाखवल्याशिवाय ते त्याला मिळत नाही. म्हणून "ती रक्कम मी मागणार नाही" हेही पत्रात घातलं. आमच्याकडे काम टाळल्याचं लोक विसरतात, पैशाचं नाही.

नकाराचं कायदेशीर रूप कलम 230 मध्ये आहे: न्यायाधीशांसमोर तोंडी किंवा स्वतःच्या सहीने लेखी. तो दिल्यावर त्या मृत्युपत्राचं प्रोबेट मागायचा हक्क कायमचा जातो. प्रकरण कोर्टात गेलंच, तर मी तसं लिहून देईन, हे ताईला सांगून ठेवलं आहे.

मृत्युपत्र मात्र यामुळे रद्द होत नाही. दुसरा व्यवस्थापक नेमलेला नसेल, तर वारस किंवा उरलेली मालमत्ता ज्याला दिली आहे तो, मृत्युपत्र जोडून कोर्टाकडे प्रशासनपत्र मागू शकतो. तुम्ही मृत्युपत्र करणार असाल, तर ज्याचं नाव घालायचं त्याला आधी विचारा आणि त्याच्याखाली दुसरं एक नाव लिहून ठेवा.